टुलूझच्या दुकानात आबा आणि नात: फ्रेंच लेबल वाचायचं कसं

"माझे बाबा (७१) तीन महिन्यांसाठी टुलूझला आमच्याकडे येतायत. पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. बुधवारी दुपारी शाळा नसते तेव्हा नातीला (वय ८) घेऊन किराणा मीच आणीन म्हणतात. तिला फ्रेंच वाचता येतं, त्यांना नाही. शब्दांची यादी दिली की पाठ होत नाही त्यांच्या, पण गोष्ट सांगितली की पक्की लक्षात राहते. लेबल कसं वाचायचं हे कुणी अनुभवी माणूस गोष्टीसारखं सांगेल का?"

नमस्कार. खाण्याच्या पाकिटांवरचा मजकूर छपाईला जायच्या आधी तपासायचा हे माझं इथलं रोजचं काम, आणि देशातून आलेल्या आईवडलांना घेऊन दुकानात जाणं हेही बऱ्याचदा माझ्याकडे येतं. त्यामुळे गोष्ट सांगते ती माझ्यासमोर घडलेलीच सांगते, फक्त घरातल्यांची नावं नाही देत.

आधी एक सांगते, फ्रेंच ही तुमच्या बाबांची मुख्य अडचण नाहीये. फ्रेंच नात वाचेल. खरी अडचण अशी आहे की आपल्याकडे माणसाची नजर आधी हिरवा ठिपका शोधते, आणि इथे कायद्यानं बंधनकारक असा ठिपकाच नाही. इथलं लेबल शाकाहारी माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बनवलेलं नाही, ते ॲलर्जी असलेल्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर देतं, आणि हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळलं की बाकीचं सोपं जातं. नातीकडे वाचायची कला आहे पण आठ वर्षांच्या पोरीला लेबलवरचे अर्धे शब्द समजत नाहीत, फ्रेंच मुलांनाही नाही समजत. बाबांना काय चालतं काय नाही हे पक्कं माहीत आहे पण वाचता येत नाही. म्हणून तिनं मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी ठरवायचं. उलटं केलं, म्हणजे पोरीलाच विचारलं "हे चालेल का गं", तर ती बिचारी चित्र बघून "हो" म्हणते.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी नाही ठरवू शकत. चीज बनवताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं विरजण वापरतात ते बाबांना चालणार का? "अंड्याचे अंश असू शकतात" असं लिहिलेलं बिस्किट चालणार का? ई ४७१ नावाचं एक इमल्सिफायर ब्रेडमध्ये, आइस्क्रीममध्ये असतं, ते वनस्पतीच्या तेलापासूनही बनतं आणि प्राण्याच्या चरबीपासूनही, आणि लेबलवर कुठलं ते लिहायची सक्ती नाही, ते चालणार का? हे घरी बसून आधी ठरवा, दुकानात शेल्फसमोर उभं राहून नको. शुगरचं म्हणाल तर जेवणात किती कार्बोहायड्रेट चालतं हे त्यांचे डॉक्टर सांगतील, मी फक्त तो आकडा लेबलवर कुठे असतो ते सांगते.

आता गोष्ट.

आबा मिरजेचे, रेल्वेतून रिटायर झालेले. खिशात कायम एक छोटी डायरी आणि पेन. नात आठ वर्षांची, मराठी छान बोलते पण देवनागरी तिला अजून अडखळत येते. एका बुधवारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं त्यांच्या घराजवळच्या सुपरमार्केटला गेलो. दुकानात शिरल्या शिरल्या आबांनी भोपळ्याच्या सूपचा खोका उचलला, चष्मा कपाळावर सरकवून खोका डोळ्याजवळ नेला आणि खूश होऊन म्हणाले, "चिमे, हा बघ हिरवा ठिपका. घे टाक ट्रॉलीत."

ठिपका होता खरा. पण तो ठिपका नीट बघितला तर एकमेकांत गुंतलेले दोन बाण असतात. त्याला इथे प्वँ व्हेर म्हणतात, म्हणजे शब्दशः हिरवा ठिपकाच, पण त्याचा अर्थ एवढाच की कंपनीनं पॅकिंगच्या कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या व्यवस्थेला पैसे भरलेत. आत काय आहे त्याच्याशी काही संबंध नाही. त्याच खोक्यावर हिरव्या चौकोनात पांढऱ्या चांदण्यांचं एक पान पण होतं. ते युरोपचं सेंद्रिय शेतीचं चिन्ह.

मी समजावून सांगत होते तेवढ्यात नात पळत समोरच्या फ्रिजपाशी गेली आणि डुकराच्या मांसाचं पाकीट घेऊन आली. "आबा, हे जांबों आहे, ह्याच्यावर पण तेच पान आहे!" बरोबर होतं तिचं. डुक्कर सेंद्रिय चाऱ्यावर वाढवलेलं असलं की त्याच्या मांसावरही तेच पान येतं. आबांनी पाकीट न शिवताच मान डोलावली आणि डायरीत पहिली ओळ लिहिली: हिरवं बघून घ्यायचं नाही. इथे उपयोगाचं एक चिन्ह आहे, इंग्रजी व्ही अक्षराला पान फुटलेलं असतं ते, त्याला व्ही-लेबल म्हणतात. पण व्ही-लेबल शाकाहारी म्हणून लावलेलं असेल तर आत अंडं असू शकतं, म्हणून यादी वाचायचीच. शिवाय ते लावणं कंपनीच्या मर्जीवर आहे, त्यामुळे ते दिसलं तर चांगलं, नाही दिसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. पाव, तांदूळ, मीठ यांच्यावर कोण कशाला लावेल.

मग आम्ही डब्यांच्या रांगेत गेलो. टुलूझ म्हणजे कासुलेचं गाव, पांढरा घेवडा, बदक, सॉसेज एकत्र शिजवतात तो पदार्थ, त्यामुळे इथल्या डब्यातल्या कडधान्यांकडे जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं. आबांना मसुराचा डबा दिसला, चित्रात मसूर, गाजर, कोथिंबिरीसारखं काहीतरी. त्यांना मुलानं सांगून ठेवलं होतं की जे वाईट असतं ते ठळक अक्षरात छापतात. त्यांनी डबा फिरवला, ठळक शब्द एकच होता. "काय आहे गं हे?" "सेलरी," ती म्हणाली. "म्हणजे भाजीच की. चला."

इथे मी थांबवलं त्यांना, कारण मुलानं सांगितलं ते अर्धंच खरं होतं. युरोपियन युनियनचा २०११ सालचा ११६९ नंबरचा नियम आहे, डिसेंबर २०१४ पासून लागू. त्यात १४ ॲलर्जीच्या गोष्टी ठरवून दिल्यात, गहू-बार्लीसारखी ग्लुटेनवाली धान्यं, अंडं, दूध, मासे, शेंगदाणे, सोया, तीळ, मोहरी, सेलरी वगैरे, आणि यादीत त्या उठून दिसतील अशा छापायच्या, ठळक किंवा अधोरेखित किंवा कॅपिटलमध्ये. मांस त्या चौदात नाही. चरबी नाही. जिलेटिन साधारणपणे डुकराचं किंवा गायीचं असतं, तेही नाही. म्हणजे तुमच्या बाबांना जे सगळ्यात जास्त नको आहे तेच नेमकं साध्या बारीक अक्षरात असतं, आणि ठळक असते ती बिचारी मोहरी.

मी नातीला म्हटलं, "अँग्रेदियां हा शब्द शोध, त्याच्यावर बोट ठेव, आणि पूर्णविराम येईपर्यंत एकही शब्द न गाळता वाच. कळला नाही तरी वाच." ती वाचायला लागली: लांतीय, ओ, कारोत, ओन्यों... आबा प्रत्येक शब्दाला "हं" म्हणत होते, मसूर, पाणी, गाजर, कांदा... आणि मग ती म्हणाली "ग्रेस द कानार". आबांनी "हं" म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बदकाची चरबी. मीठ आणि फोडणीच्या मसाल्याच्याही आधी लिहिलेली, आणि यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, म्हणजे चिमूटभर नव्हती.

आबांनी डबा जागेवर ठेवला आणि विचारलं, "असे अजून किती शब्द आहेत?" फार नाहीत. त्यांच्या डायरीत आम्ही तिथेच उभं राहून देवनागरीत लिहिले, नात उच्चार करत होती आणि आबा जसं ऐकू येईल तसं लिहीत होते, ह्याचा फायदा असा की पुढच्या वेळी तिनं वाचलं की त्यांच्या कानाला तोच शब्द ओळखू येतो, स्पेलिंगची गरजच नाही. ग्रेस म्हणजे चरबी, त्याच्यामागे कानार आलं तर बदक, द्वा आलं तर हंस. सँदू म्हणजे डुकराची चरबी. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, हे सूपमध्ये, सॅलडमध्ये, क्विशमध्ये कुठेही असतात. जांबों तर तिलाच माहीत होतं. वोलाय म्हणजे कोंबडी-बदक वगैरे, हा शब्द "बुयों द वोलाय" असा येतो, भाज्यांच्या सूपमध्ये घातलेला कोंबडीचा स्टॉक. आंश्वा हा छोटा मासा, सॉसमध्ये असतो, पण मासा चौदात येतो म्हणून तो ठळक दिसेल. आणि झेलातिन, त्याच्याकडे येतेच आता.

डबाबंद कडधान्य घ्यायचंच असेल तर डब्यावर "क्विझिने" शब्द आहे का बघा, म्हणजे शिजवून मसाला घातलेलं, तिथे चरबीची शक्यता फार. "ओ नात्युरेल" लिहिलं असेल तर साधारणपणे धान्य, पाणी, मीठ एवढंच असतं, तरी यादी वाचायचीच. आबांनी शेवटी डबा घेतलाच नाही. शेजारच्या रांगेत कोरडी कडधान्यं होती, लांतीय कोराय बघून त्यांचा चेहरा खुलला कारण ती आपली मसूर डाळ, शेजारी प्वा कासे म्हणजे वाटाण्याची डाळ, प्वा शिश म्हणजे काबुली चणे, आरिको रूज म्हणजे राजमा. ह्या पाकिटात एकच गोष्ट असते, वाचण्यासारखं काही नाही. माझं प्रामाणिक मत असं आहे की तुमच्या बाबांच्या ट्रॉलीतला निम्मा माल ह्याच रांगेतून यावा, म्हणजे लेबल वाचायचा प्रश्नच निम्म्यावर येतो.

पुढे दूध. हे पटकन झालं, लाल झाकण म्हणजे मलईसकट, निळं म्हणजे अर्धी मलई काढलेलं, हिरवं म्हणजे पूर्ण काढलेलं. आबांनी लाल घेतलं, दही लावायला.

दह्याच्या फ्रिजपाशी मात्र आम्ही बराच वेळ उभे होतो. नातीला गुलाबी स्ट्रॉबेरी मूस हवं होतं. ती स्वतःच बोट ठेवून वाचायला लागली, दूध, साखर, क्रीम, स्ट्रॉबेरी, आणि मग शेवटाकडे "झेलातिन", आणि रंगाच्या जागी "कार्मँ". तिनंच आबांच्या डायरीकडे बोट दाखवलं. कार्मँ म्हणजे ई १२०, कोशिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग, कुठे कोशनीय असंही लिहितात. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. दोन टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या गोष्टी शेवटी कुठल्याही क्रमानं लिहिता येतात, आणि जिलेटिन, रंग हे सगळं त्या शेपटातच असतं, म्हणून पहिले चार शब्द वाचून पाकीट खाली ठेवणारा माणूस इथे हमखास फसतो. आणि दुसरं, घट्टपणा येण्यासाठी जिलेटिनऐवजी पेक्तीन किंवा आगार-आगार लिहिलेलं असेल तर ते फळातलं आणि समुद्री शेवाळातलं, ते चालतं. आम्ही तिच्यासाठी आगार-आगारवालं एक डेझर्ट शोधून काढलं, चवीला तिला तितकंसं आवडलं नाही हे पण सांगते.

आता शुगर. आबांनाही तुमच्या बाबांसारख्याच गोळ्या चालू होत्या. पाकिटाच्या मागे एक तक्ता असतो, सगळ्यांवर सारखाच, आणि आकडे दर १०० ग्रॅमला असतात. त्यात ग्ल्युसिद म्हणजे एकूण कार्बोहायड्रेट आणि लगेच त्याखाली "दों स्युक्र" म्हणजे त्यातली साखर. आम्ही दोन दही शेजारी शेजारी ठेवली. साध्या दह्यावर, याऊर्त नात्युर म्हणतात ते, साखर ५ च्या आसपास होती. आबा चमकले, "साध्या दह्यात साखर घालतात?" घालत नाहीत, यादीत स्युक्र शब्दच नव्हता, ती दुधातलीच साखर. फळाच्या दह्यावर १३ होतं. एक वाटी १२५ ग्रॅमची, म्हणजे साध्यात सहा ग्रॅमच्या वर थोडी, फळाच्यात सोळाच्या वर, फरक दहा ग्रॅमचा, साधारण दोन चहाचे चमचे साखर. नात गुणाकार करत होती आणि आबा तिच्या चुका काढत होते, दोघंही खूश. एक सावधगिरी, "याऊर्त नात्युर स्युक्रे" असंही मिळतं, शेवटचा एक शब्द जास्त, त्यात साखर घातलेली असते आणि डबा तसाच दिसतो.

पण नुसती "दों स्युक्र" ओळ बघून डायबेटिसवाल्या माणसानं वस्तू घेऊ नये. आबांना चहाबरोबर बुडवून खायला टोस्टसारखे बिस्कॉत हवे होते. साखर ६ ग्रॅम बघून ते म्हणाले वा. मी बोट वरच्या ओळीवर ठेवलं, ग्ल्युसिद सत्तरच्या आसपास. मैद्याचा स्टार्च हा साखरेच्या ओळीत येत नाही, पण रक्तात तो साखरच होऊन जातो. म्हणून बाबांना सांगा, धान्याच्या वस्तूंना ग्ल्युसिदची ओळ आणि दुधाच्या-फळाच्या वस्तूंना दोन्ही ओळी. इथल्या ग्ल्युसिदमधून फायबर आधीच वगळलेलं असतं, फायबर दिलेलं असेल तर फिब्र अशी वेगळी ओळ असते, तेव्हा कुणी फायबर वजा करायला सांगितलं असेल तर इथे परत वजा करू नका, आकडा खोटा कमी येईल. आणि "सां स्युक्र आझुते" म्हणजे वरून साखर घातलेली नाही एवढंच, सफरचंदाच्या कोंपोतवर, म्हणजे शिजवलेल्या गरावर, असं लिहिलेलं असतं आणि सफरचंदाची स्वतःची साखर तर त्यात असतेच.

चीजचा फ्रिज हा सगळ्यात अवघड, कारण तिथे आपली पद्धतच चालत नाही. नातीनं एक पिवळा तुकडा उचलला, अँग्रेदियां शोधायला लागली, सगळीकडून फिरवून बघितलं, सापडेना. "आबा, ह्याच्यावर यादीच नाहीये." नसतेच कित्येकदा. दूध, मीठ, विरजणाचे जिवाणू आणि एन्झाइम एवढ्यावरच बनलेल्या चीजला यादी न छापायची सूट आहे. म्हणजे यादी नाही ह्याचा अर्थ "काही घातलेलं नाही" असा होत नाही, आणि दूध फाडणारं ते विरजण कुठलं हे तुम्हाला कळतही नाही. यादी असेल आणि त्यात नुसतं "प्रेझ्यूर" असेल तर ते वासराच्या जठरातलं समजा. "कोआग्युलां मिक्रोबियँ" असेल तर ते बुरशीपासूनचं, शाकाहारी माणसाला चालतं. कोंते, रोकफोर ह्या नावाजलेल्या पारंपरिक चीजमध्ये प्राण्याचंच असतं, तिथे शोधाशोध करू नका. इटालियन परमेजानचंही तसंच, आणि तयार पेस्टो सॉसमध्ये बऱ्याचदा तसलं चीज असतं म्हणून तो घेतानाही विचार करावा लागतो.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मिरजेला पिझ्झावर आलेलं चीज मी खाल्लंय, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. पण आता कळलंय तर नको." हा त्यांचा निर्णय. दुसऱ्या एका घरातल्या आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि चीज चालू ठेवलं, तोही त्यांचा निर्णय. मी ह्यात मत देत नाही, फक्त माहिती पूर्ण असावी एवढंच बघते. आबांनी लाल झाकणाच्या दुधाची अजून एक बाटली आणि दोन लिंबं घेतली, घरी पनीर करतो म्हणाले.

बिस्किटांच्या रांगेत ठळक अक्षरं पहिल्यांदा कामाला आली, कारण अंडं चौदात आहे. नातीनं आबांना शिकवलं की एक अंडं असेल तर "अफ" आणि अनेक असतील तर नुसतं "अ" असा उच्चार होतो, लिहिताना ओ आणि ई एकमेकांना चिकटलेले असतात. ते चिकटलेलं अक्षर आबांना स्वतःला ओळखता यायला लागलं, पूर्ण यादीत तेवढंच एक त्यांनी आपल्या डोळ्यांनी शोधायचं असं ठरलं. एका पाकिटावर यादी संपल्यावर वेगळी ओळ होती, "प कोंतनिर", म्हणजे असू शकतं, आणि पुढे अंडं. नात घाबरून म्हणाली, "आबा, ह्याच्यात अंडं आहे." नाहीये, घटक म्हणून घातलेलं नाही. त्याच कारखान्यात अंड्याचीही बिस्किटं होतात, मशीनला लागलेलं थोडंसं इकडे येऊ शकतं, म्हणून ॲलर्जीवाल्यांना दिलेली ती सूचना. ती द्यायचीच अशी सक्तीही नाही, त्यामुळे ज्या पाकिटावर ती नाही ते जास्त शुद्ध असंही नाही. आबा म्हणाले, "आमच्या बेकरीत खारी आणि केक एकाच भट्टीत होतात." आणि पाकीट ट्रॉलीत टाकलं.

सुट्ट्या पावासाठी एक सोपं आहे. "त्रादिसियों" नावाचा लांब काठीसारखा पाव १९९३ च्या सरकारी हुकुमानुसार बनतो, मुख्यतः गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, चरबी नाही, ॲडिटिव्ह घालायला परवानगी नाही. क्रोसाँ आणि ब्रिओश मात्र बाबांसाठी नको, ब्रिओशमध्ये अंडं असतंच आणि क्रोसाँवर चकाकी यायला बहुतेक ठिकाणी अंडं फिरवतात.

पिठाच्या रांगेत आबांना एकट्यालाच रस होता. पाकिटांवर टी अक्षर आणि पुढे आकडा असतो, ५५, ६५, ११०, १५०. पीठ पूर्ण जाळलं तर मागे किती राख उरते त्यावरून तो आकडा येतो, टाईप ५५ मध्ये अर्ध्या टक्क्याच्या थोडी वर, टाईप १५० मध्ये दीड टक्क्याच्या आसपास. कोंडा जेवढा जास्त तेवढी राख जास्त, म्हणजे आकडा मोठा तितकं पीठ आपल्या कणकेच्या जवळ. नुसत्या १५० च्या पोळ्या कडक होतात, आमच्याकडे आम्ही ६५ आणि १५० निम्मं निम्मं घेतो आणि कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवतो. बाबांच्या शुगरसाठी १५० जास्त ठेवता आलं तर बरं, पण पोळी त्यांना खाववली पाहिजे, तेव्हा करून बघून प्रमाण ठरवा.

बिल करायच्या आधी आबांनी तारखा बघायला सांगितल्या. "ज्युस्को" शब्द असेल, म्हणजे अमुक तारखेपर्यंत खा, तर त्यानंतर ती वस्तू टाकायची, हे ताज्या दुधावर, ताज्या पनीरसारख्या वस्तूंवर येतं. "द प्रेफेरांस" शब्द असेल तर त्या तारखेनंतर चव कमी होईल, पण पाकीट फुटलेलं नसेल आणि नीट ठेवलेलं असेल तर चालतं, डाळी, बिस्किटं, पीठ ह्यांच्यावर हे असतं. नातीला हे दोन शब्द ऐकून ओळखायला लावा, फार वाचन लागत नाही.

तुमच्या बाबांच्या पहिल्या फेरीसाठी एवढं करा. जायच्या आधी वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं (चीजचं विरजण, अंड्याचे अंश, ई ४७१) त्यांच्या डायरीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हातानं लिहू द्या. थांबायचे शब्द नातीनं उच्चारून त्यांनी देवनागरीत लिहायचे, तुम्ही टाईप करून दिलेली प्रिंट नको, कारण तिचा उच्चार त्यांच्या कानात बसला पाहिजे. पहिल्यांदा डाळी, दूध, साधं दही आणि पीठ एवढंच आणायला पाठवा, तयार पदार्थ दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला. अडलं तर यादीचा फोटो तुम्हाला पाठवायचा, पण यादी पूर्णविरामापर्यंत फोटोत आली पाहिजे हे नातीला सांगून ठेवा, बहुतेक वेळा फोटोत नेमकं शेपूट कापलं जातं. आणि तुम्ही कामात असाल, उत्तर द्यायला वेळ लागणार असेल, तर ती वस्तू त्या दिवशी घ्यायची नाही असं आधीच ठरवून टाका, म्हणजे दोघांनाही दुकानात ताटकळावं लागणार नाही.

चीजच्या बाबतीत बाबांनी काय ठरवलं ते कळवलंत तर इथल्या साध्या दुकानांमधली कोणकोणती त्यांना चालतील ते सांगते.